दीड वर्षात व्याज किती वेळा मिसळतं? आठवीच्या व्याजाच्या उदाहरणांची पायरीवार रीत

उदाहरण असं आहे. तुळशीबागेतल्या एका दुकानदार बाईंनी सणाचा माल भरण्यासाठी पतपेढीकडून १६,००० रुपये दीड वर्षासाठी घेतले. व्याजाचा दर द.सा.द.शे. १०, आणि व्याजाची आकारणी सहामाही चक्रवाढ पद्धतीने. तर त्यांना एकूण व्याज किती भरावं लागेल?

आठवीच्या वर्गात यावर हमखास चार वेगवेगळी उत्तरं येतात: २,४००, २,४८०, ५,२९६ आणि १,२२०. बरोबर उत्तर २,५२२ आहे. चुकलेल्या मुलांना सूत्र पाठ असतं आणि गुणाकारही येतो. त्यांची गाडी एकाच जागी अडते: या दीड वर्षात व्याज किती वेळा मुद्दलात मिसळलं, हे मोजण्याआधीच ती सूत्रात आकडे भरायला लागतात. खालची रीत त्या मोजणीभोवती बांधलेली आहे. वर्कशीट सोडवणाऱ्या मुलांना ती उपयोगी पडेल, आणि घरी किंवा शिकवणीत वर्कशीट तपासणाऱ्या मोठ्यांनाही.

तयारी: आकडेमोडीआधी पाच चौकटी

वहीच्या समासाला लागून पाच ओळी आखा: मुद्दल, दर, मुदत, आकारणी, आणि विचारलं काय. पहिल्या तीन ओळी मुलं भरतात. चुका होतात त्या शेवटच्या दोन मोकळ्या राहिल्यामुळे.

आकारणीच्या ओळीत तीनपैकी एकच शब्द येऊ शकतो: सरळ, वार्षिक किंवा सहामाही. विचारलं काय या ओळीतही तीनच पर्याय आहेत: व्याज, रास किंवा मुद्दल. रास म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून होणारी रक्कम. वरच्या उदाहरणात १८,५२२ लिहून थांबलेल्या मुलाने सगळं गणित बरोबर केलेलं असतं. व्याज विचारलं असताना त्याने रास दिली, एवढीच त्याची चूक.

पुण्यात सेमी-इंग्रजीची मुलं पुष्कळ. त्यांच्या वर्कशीटवर हाच शब्द ‘कंपाउंडेड हाफ-इयरली’ असा येतो आणि घरी समजावणारे आईवडील ‘सहामाही’ म्हणतात. दोन्ही एकच आहेत, हे मुलाच्या चौकटीखाली एकदा लिहून ठेवा. तसंच ‘पर ॲनम’ म्हणजे दर साल.

टप्पा १: प्रश्न वाचून आकारणी ओळखा

‘चक्रवाढ’ हा शब्द प्रश्नात असेल तर काम सोपं आहे. पण बऱ्याच प्रश्नांत तो नसतो आणि वाक्यावरून ओळखावं लागतं. ‘दर सहा महिन्यांनी व्याज मुद्दलात जमा होते’ असं असेल तर आकारणी सहामाही चक्रवाढ. ‘दर सहा महिन्यांनी व्याज ठेवीदाराच्या हातात मिळते’ असं असेल तर मात्र ते सरळव्याज. व्याज बाहेर काढून घेतलं की मुद्दल वाढतच नाही, मग पुढच्या सहा महिन्यांचं व्याजही तेवढंच राहतं. दोन्ही वाक्यांत ‘दर सहा महिन्यांनी’ आहे, म्हणून नुसता तो शब्द पाहून सहामाही चक्रवाढ लिहू नका. व्याज पुढे कुठे गेलं, ते वाचा.

सावध: प्रश्नात काहीच सांगितलेलं नसेल, फक्त ‘चक्रवाढव्याजाने’ एवढंच असेल, तर शालेय गणितात आकारणी वार्षिक धरतात.

टप्पा २: मुदत आणि दर एकाच मापात आणा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

मुदत आधी महिन्यांत लिहा. आपल्या भाषेत मुदत बहुधा दीड, अडीच, सव्वा, पाऊण अशीच सांगतात आणि आठवीतल्या अनेक मुलांना हे शब्द आकड्यांत नीट मांडता येत नाहीत. अडीच म्हणजे ‘अडीच’ असंच डोक्यात असतं, ३० महिने असं नसतं. पाऊण वर्ष ९ महिने, सव्वा वर्ष १५, दीड वर्ष १८, पावणेदोन वर्षं २१. मुदत तारखांनी दिली असेल तरी महिनेच मोजा: १ एप्रिल २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ ही मुदत १८ महिन्यांची.

महिने मिळाले की आकारणीकडे पाहा.

आकारणी सरळ असेल तर महिन्यांना १२ ने भागा आणि मुदत वर्षांत ठेवा. १८ महिने म्हणजे ३/२ वर्ष. अपूर्णांक तसाच राहू द्या, इथे तो त्रास देत नाही.

आकारणी सहामाही असेल तर महिन्यांना ६ ने भागा. १८ भागिले ६ म्हणजे ३. दीड वर्षात व्याज तीन वेळा मिसळणार. याच तीनला आपण कालखंड म्हणू. आता एका कालखंडाचा दर काढा. वर्षाला शेकडा १०, तर सहा महिन्यांना शेकडा ५. दर निम्मा होतो आणि कालखंड वर्षांच्या दुप्पट होतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या. ‘अर्धा दर, दुप्पट काळ’ हे पाठ करून घेण्यापेक्षा चौकटीत ‘३ कालखंड, प्रत्येकी ५ टक्के’ असं पूर्ण वाक्य लिहायला लावा. ते वाक्य लिहिताना एक गोष्ट विसरली तर लगेच डोळ्याला खटकतं.

आकारणी वार्षिक असेल आणि मुदत दीड वर्ष, तर पूर्ण वर्षं वेगळी आणि उरलेले महिने वेगळे. एक पूर्ण वर्ष चक्रवाढीने, आणि उरलेल्या सहा महिन्यांचं सरळव्याज त्या वर्षअखेरच्या राशीवर. शालेय गणितात हीच पद्धत धरतात. घातांकाच्या जागी दीड लिहून पुढे काय करायचं, हा प्रश्न मग उरतच नाही.

सावध: दर मुळातच सहामाही दिलेला असेल, म्हणजे ‘दर सहामाहीला शेकडा ५’, तर तो पुन्हा निम्मा करू नका. तसंच ‘महिन्याला शेकडा २’ असा दर सरळव्याजाच्या प्रश्नात आला, तर मुदतही महिन्यांतच ठेवा किंवा दर वर्षाला २४ करून घ्या. दोन्हींपैकी एकच करा.

तपासणी: कालखंडांची संख्या आणि एका कालखंडाचा दर यांचा गुणाकार करा. तो पूर्ण मुदतीच्या सरळ टक्केवारीइतका आला पाहिजे. ३ गुणिले ५ म्हणजे १५, आणि दीड वर्षाला १० टक्क्यांनी होतात १५. जुळलं, म्हणजे पुढे जा. ३ गुणिले १० म्हणजे ३० आले, तर दर निम्मा करायचा राहिला आहे. दहा सेकंदांत होणारी ही तपासणी वर्कशीटवरच्या बऱ्याच चुका इथेच पकडते.

टप्पा ३: सूत्राआधी शिडी

पहिली दोन-तीन उदाहरणं तरी सूत्राशिवाय, पायरी पायरीने सोडवा. आपल्या उदाहरणाची शिडी अशी होते:

पहिले सहा महिने: १६,००० वर ५ टक्के म्हणजे ८००. रास १६,८००.
दुसरे सहा महिने: १६,८०० वर ५ टक्के म्हणजे ८४०. रास १७,६४०.
तिसरे सहा महिने: १७,६४० वर ५ टक्के म्हणजे ८८२. रास १८,५२२.

व्याज ८०० + ८४० + ८८२ = २,५२२ रुपये.

इथे थोडं थांबा आणि ८००, ८४०, ८८२ हे तीन आकडे जवळून पाहा. ८०० पेक्षा ८४० हे ४० ने जास्त आहे. हे ४० कुठून आले? पहिल्या ८०० रुपयांच्या व्याजावर ५ टक्के, म्हणजे ४०. मग ८४० च्या ५ टक्के ४२, म्हणून पुढचं व्याज ८८२. प्रत्येक कालखंडाचं व्याज आधीच्या व्याजापेक्षा त्याच टक्क्याने मोठं होतं. शिडी बरोबर चढली का, हे पाहण्याची ही पक्की खूण आहे. दुसरं व्याज पुन्हा ८०० च आलं, तर मुलाने राशीऐवजी मूळ मुद्दलच पुन्हा धरलं आहे, आणि त्याला शेवटी सरळव्याजाचे २,४०० च मिळणार.

हेच कर्ज वार्षिक चक्रवाढीने असतं तर पहिल्या वर्षाचं व्याज १,६००, रास १७,६००. उरलेल्या सहा महिन्यांचं सरळव्याज १७,६०० वर ५ टक्के म्हणजे ८८०. एकूण २,४८०.

आता २,५२२ आणि २,४८० यांतला ४२ चा फरक उलगडून दाखवा. सहामाही आकारणीत पहिल्या वर्षाचं व्याज ८०० + ८४० म्हणजे १,६४० होतं, वार्षिकपेक्षा ४० ने जास्त. त्या जास्तीच्या ४० वर शेवटच्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी आणखी २ रुपये चढतात. ४० आणि २ मिळून ४२. एवढं एकदा कळलं की सहामाही व्याज जास्त का येतं, हे पाठ करावं लागत नाही.

तपासणी: मुद्दल, दर आणि मुदत तीच असताना, मुदत एका वर्षाहून जास्त असेल, तर सरळव्याज सगळ्यात कमी, वार्षिक चक्रवाढ त्याहून जास्त आणि सहामाही त्याहूनही जास्त. इथे २,४००, २,४८०, २,५२२. मुदत बरोबर एक वर्ष असेल तर सरळ आणि वार्षिक सारखेच येतात. बरोबर सहा महिन्यांना तिन्ही सारखे. हा क्रम मोडला तर कुठेतरी चूक आहेच.

टप्पा ४: सूत्र, पण अपूर्णांकात

शिडी समजली की सूत्र म्हणजे तीच शिडी एका ओळीत लिहिलेली: A = P × (1 + R/100)^N. सहामाहीसाठी R म्हणजे एका कालखंडाचा दर आणि N म्हणजे कालखंडांची संख्या. सूत्रात दराच्या खाली १०० ऐवजी २०० लिहिण्याचीही पद्धत आहे. पण मग काही मुलं आधी दर निम्मा करतात आणि वर २०० नेही भागतात. म्हणून एकच सूत्र ठेवलेलं बरं.

इथे दशांशात शिरू नका. शंभरावर ५ व्याज म्हणजे १०५/१००, संक्षिप्त रूप २१/२०. आपलं उदाहरण मग असं दिसतं:

१६,००० × २१/२० × २१/२० × २१/२०

खाली २० चा घन ८,०००. १६,००० ला ८,००० ने भागलं की २. वर २१ चा घन ९,२६१. म्हणून रास १८,५२२. मोठा गुणाकार करावाच लागला नाही. हेच दशांशात करताना १.०५ चा घन १.१५७६२५ येतो, मूल तो १.१६ असा कापून घेतं आणि रास १८,५६० होते, म्हणजे ३८ रुपये जास्त. दशांश वापरायचाच असेल तर मधे कुठेही कापू नका, फक्त शेवटच्या उत्तरात पैशांपर्यंत या.

साडेबारा टक्के दर आला की मुलं घाबरतात, पण अपूर्णांकात तो उलट सोपा आहे. वार्षिक साडेबारा म्हणजे ९/८. सहामाहीला सव्वासहा टक्के, म्हणजे १७/१६.

टप्पा ५: उलट विचारलेली उदाहरणं

‘एका रकमेवर द.सा.द.शे. ८ दराने १ वर्षाचं सहामाही चक्रवाढव्याज आणि सरळव्याज यांत २० रुपयांचा फरक आहे, तर मुद्दल किती?’ असा प्रश्न वर्कशीटच्या शेवटी असतोच. इथे मुलं दोन वर्षांच्या फरकाचं पाठ केलेलं सूत्र लावतात, त्यात दर ८ घालतात आणि ३,१२५ उत्तर काढतात.

पाठ केलेलं सूत्र बाजूला ठेवा आणि शिडी आठवा. एका वर्षात सहामाहीचे दोन कालखंड, प्रत्येकी ४ टक्के. फरक पडतो तो फक्त दुसऱ्या कालखंडात, पहिल्या कालखंडाच्या व्याजावर चढलेल्या व्याजामुळे. म्हणजे पहिल्या व्याजाच्या ४ टक्के म्हणजे २०. मग पहिलं व्याज ५००. आणि मुद्दलाच्या ४ टक्के ५००, तर मुद्दल १२,५००.

उलट प्रश्नात उत्तर पुन्हा सरळ घालून पाहणं टाळू नका. १२,५०० वर सरळव्याज १,०००. सहामाहीने ५०० आणि मग १३,००० वर ५२०, मिळून १,०२०. फरक २०. तेच ३,१२५ घालून पाहिलं तर १२५ आणि १३० मिळून २५५, सरळव्याज २५०, फरक फक्त ५. चूक लगेच उघडी पडते.

चुकीचं उत्तर काय सांगतं

तपासणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. नुसती लाल फुली मारली तर मूल तेच गणित पुन्हा तसंच करतं. उत्तराचा आकडाच चूक कुठे झाली ते सांगतो.

आपल्या उदाहरणात ५,२९६ आलं, तर कालखंड तीन केले पण दर १० च ठेवला. १,२२० आलं, तर दर ५ केला पण मुदत दीडच ठेवली, म्हणजे एक कालखंड पूर्ण आणि अर्ध्याचं सरळव्याज. २,४८० आलं, तर ‘सहामाही’ हा शब्द वाचलाच नाही. २,४०० आलं, तर व्याज मुद्दलात मिसळलंच नाही. पहिल्या दोन चुकांसाठी टप्पा २ ची तपासणी करून घ्या, तिसरीसाठी पाच चौकटी, चौथीसाठी शिडी. चारही चुकांना ‘सूत्र दहा वेळा लिही’ हे एकच औषध चालत नाही.

वर्कशीट तयार करताना मुद्दल निवडणं

उदाहरण नवं करायचं असेल तर मुद्दल मनाला येईल तो आकडा घेऊ नका. गुणकाचा, म्हणजे २१/२० सारख्या अपूर्णांकाचा, छेद पाहा. सहामाही ५ टक्के आणि तीन कालखंड असतील, तर मुद्दल ८,००० च्या पटीत घ्या, राशीत पैसे येत नाहीत. दोनच कालखंड असतील तर ४०० ची पट पुरते. सहामाही ४ टक्क्यांचा गुणक २६/२५ आहे, म्हणून दोन कालखंडांना ६२५ ची पट, पण तीन कालखंडांना १५,६२५ ची लागते. आठवीला ती जड पडते. वार्षिक १२ टक्के घेतले तर सहामाही गुणक ५३/५०, दोन कालखंडांना २,५०० ची पट.

कालखंड तीनपेक्षा जास्त नेऊ नका. ८,००० रुपये अडीच वर्षांसाठी सहामाहीने १० टक्क्यांनी ठेवले तर रास १०,२१०.२५ येते. सगळा वेळ पाच वेळा गुणण्यात जातो, आणि मूल कुठे चुकलं हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. तीच रक्कम वार्षिक आकारणीने विचारा, गणित आवाक्यात येतं.

सरळ, वार्षिक आणि सहामाही यांची उदाहरणं सलग गटांत देऊ नका, मिसळून द्या. सलग पाच सहामाही दिली की सहाव्या वार्षिक उदाहरणातही मूल न वाचता दर निम्मा करतं.

सरावासाठी पाच

१. मंडईतल्या एका भाजीवाल्याने २४,००० रुपये सव्वा वर्षासाठी द.सा.द.शे. ८ सरळव्याजाने घेतले. व्याज किती?
२. १०,००० रुपये १ वर्षासाठी, द.सा.द.शे. १२, सहामाही चक्रवाढ. चक्रवाढव्याज किती?
३. २५,६०० रुपये १ वर्षासाठी, द.सा.द.शे. साडेबारा, सहामाही चक्रवाढ. रास किती? वार्षिक आकारणीपेक्षा व्याज किती जास्त?
४. ८,००० रुपये अडीच वर्षांसाठी, द.सा.द.शे. १०, वार्षिक चक्रवाढ. चक्रवाढव्याज किती?
५. द.सा.द.शे. १० दराने, सहामाही चक्रवाढीने दीड वर्षात २७,७८३ रुपये रास झाली. मुद्दल किती?

उत्तरं: १) २,४०० रुपये. २) १,२३६ रुपये. ३) रास २८,९०० रुपये, व्याज १०० रुपयांनी जास्त. ४) २,१६४ रुपये (दोन वर्षांची रास ९,६८०, पुढच्या सहा महिन्यांचं व्याज ४८४). ५) २४,००० रुपये (२७,७८३ ला ९,२६१ ने भागून ८,००० ने गुणायचं).